बंद पडलेलं जाहिरात खातं आणि अडकलेली शिल्लक : इंदूरहून केलेल्या पाठपुराव्याच्या नोंदी

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

सकाळी अकराच्या सुमारास आमच्या माहेश्वरी साड्यांच्या दुकानाच्या इंटरनेटवरच्या जाहिराती एकाएकी थांबल्या. खातं उघडलं तर वर लाल पट्टी, `Account suspended`. कारण एका ओळीत दिलेलं : पैसे भरण्याच्या व्यवहारात संशयास्पद हालचाल. कोणता व्यवहार, त्यात संशयास्पद काय, याबद्दल अक्षर नाही. शिल्लक मात्र तशीच दिसते आहे, ३१,४१२ रुपये. हे पैसे आगाऊ भरलेले आहेत आणि जाहिरात चालली तरच खर्च होणार आहेत.

घटस्थापना २२ तारखेला आहे. पितृपक्षात आपल्याकडे माहेश्वरी साडी कुणी विकत घेत नाही, पण बघतात खूप. कोणता रंग, किती काठ, रेशमी की सुती, हे याच पंधरवड्यात ठरतं आणि ऑर्डर नवरात्र लागताच येते. म्हणून खातं ऑगस्टअखेर उघडून १ तारखेपासून जाहिराती सुरू केल्या होत्या.

आज एवढंच केलं की जे दिसतंय ते सगळं उतरवून घेतलं. खातं बंद असलं तरी वाचता येतं. व्यवहारांची यादी, दोन्ही भरण्यांच्या पावत्या, रोजच्या खर्चाचा तक्ता, खात्याचा क्रमांक आणि त्या लाल पट्टीचा तारखेसह स्क्रीनशॉट, सगळं एका फोल्डरमध्ये ठेवलं. पुढे खातं कायमचं बंद झालं तर हे पान उघडेलच असं नाही.

भाचा वेबसाइट सांभाळतो. तो म्हणाला, "मावशी, माझ्या नावानं दुसरं खातं उघडू का? दोन तासांत जाहिराती चालू होतील." नको म्हटलं. जाहिरात कंपनीच्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की बंद खात्याच्या मालकानं दुसऱ्या वाटेनं परत येणं हा वेगळा आणि जास्त गंभीर भंग धरला जातो. वेबसाइट तीच, माल तोच, फोन तोच, म्हणजे ओळखायला वेळ लागणार नाही. मग पहिल्या खात्याची बाजू मांडायलाच जागा उरणार नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

आज फक्त हिशेब. पत्रात "आमचे पैसे अडकलेत" असं लिहून भागत नाही, नेमका आकडा लागतो. आणि खात्यावर दिसणारी शिल्लक हा तो आकडा नाही.

दोन वेळा पैसे भरले : १ तारखेला दुकानाच्या चालू खात्यातून यूपीआयनं २३,६०० आणि ८ तारखेला त्याच खात्याच्या डेबिट कार्डानं २३,६००. एकूण ४७,२००. यातून १८ टक्के जीएसटी आधीच वजा होऊन दोन्ही वेळा २०,००० जाहिरातीसाठी जमा झाले. म्हणजे जमा ४०,००० आणि कर ७,२००. शिवाय नव्या खात्याला मिळणारं ५,००० रुपयांचं प्रमोशनल क्रेडिट होतं. अटींनुसार ते आधी खर्च होतं, मग आपले पैसे.

४५,००० मधून ३१,४१२ उरले, म्हणजे खर्च १३,५८८. त्यातले पहिले ५,००० क्रेडिटचे, बाकी ८,५८८ आपले. क्रेडिट पूर्ण वापरलं गेलं हे चांगलं झालं. ते उरलं असतं तर परत मिळालं नसतं, आणि दिसणाऱ्या शिलकीतून ते वगळून मागणी करावी लागली असती.

करही परत मागायचा. सेवेसाठी आगाऊ रक्कम घेतली की त्यावर जीएसटी लागू होतो आणि घेणाऱ्यानं रिसीट व्हाउचर द्यायचं असतं. सेवा दिलीच नाही तर पैसे परत करताना रिफंड व्हाउचर द्यायचं, असं केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३१(३)(ई) मध्ये आहे. सीए साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, न दिलेल्या सेवेवरचा कर तुम्ही का सोसायचा? पण आत्ताच त्याचं इनपुट क्रेडिट घेऊ नका. आगाऊ रकमेच्या पावतीवर ते मिळत नाही. टॅक्स इन्व्हॉइस येईल तेवढ्याचंच घ्यायचं."

११ सप्टेंबर, गुरुवार

संशय कशाचा आला असेल, याचा विचार केला. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर चित्र असं दिसतं : खातं नवं, आठवड्यात दोनदा पैसे भरलेले, दुसऱ्यांदा वेगळ्या साधनानं, आणि त्याच दिवशी नवरात्रासाठी रोजच्या खर्चाची मर्यादा दुप्पट केलेली. चोरीच्या कार्डानं जाहिरात करणारेही असंच वागतात, म्हणून यंत्रणा अशा खात्यावर आपोआप बोट ठेवते. तोवर कुणा माणसानं ते पाहिलेलं नसतं.

त्यात नावांचा गुंता आहे, आणि तो एकमालकी धंदा करणाऱ्या कोणालाही लागू आहे. जाहिरात खात्यात दुकानाचं नाव आहे. यूपीआयनं पैसे गेले तेव्हाही दुकानाचंच नाव गेलं, कारण चालू खातं त्या नावानं आहे. डेबिट कार्डावर मात्र बँकेनं मालकाचं नाव छापलं आहे, तेही नाव आणि आडनाव एवढंच. पॅनवर मधे यजमानांचं नाव आहे. माणूस एकच, पण यंत्राला तीन वेगवेगळी नावं दिसतात.

यातल्या पॅनवरच्या आणि दुकानाच्या नावाला जोडणारा कागद म्हणजे जीएसटी नोंदणीचं प्रमाणपत्र, फॉर्म आरईजी-०६. त्यात `Legal Name` समोर पॅनवरचं पूर्ण नाव असतं, `Trade Name` समोर दुकानाचं नाव, आणि खाली धंद्याचा पत्ता. एकाच पानावर दोन्ही नावं असलेला हा सरकारी कागद आहे. उद्यम प्रमाणपत्रही जोडीला ठेवलं. पण कार्डाची गाठ या दोन्हींत सुटत नाही, त्यासाठी बँकेचंच पत्र हवं.

वेबसाइटच्या संपर्काच्या पानावर दुकानाचं नाव आणि फोन होता. भाच्यानं त्यात मालकाचं पूर्ण नाव, रामबागेतला पत्ता, जीएसटी क्रमांक आणि माल परत घेण्याच्या अटी टाकल्या. तपासणारा माणूस सगळ्यात आधी हेच पान उघडतो.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

शिल्लक बदलली. ३१,४१२ ची ३१,७४० झाली. ३२८ रुपये खोट्या क्लिकचे म्हणून त्यांनी स्वतःच परत जमा केले. हे काम यंत्रणा मागाहून करते, म्हणून जाहिरात थांबल्यावरही आकडा दोन-तीन दिवस हलत राहतो. पहिल्याच दिवशी रक्कम लिहून पाठवली असती तर ती त्यांच्या नोंदीशी जुळली नसती. न जुळणाऱ्या आकड्याचं उत्तर "तपासून कळवतो" यापलीकडे जात नाही.

नवा हिशेब : एकूण खर्च १३,२६०, त्यात आपला ८,२६०. त्यावर कर १,४८६.८०. म्हणजे वापर झाला ९,७४६.८० रुपयांचा. भरलेल्या ४७,२०० मधून तो वजा केला की ३७,४५३.२० येणं. उलट बाजूनंही पाहिलं : शिल्लक ३१,७४० आणि तिच्यावरचा कर ५,७१३.२०, बेरीज तीच. हाच आकडा शेवटपर्यंत धरायचा.

१५ सप्टेंबर, सोमवार

अपील पाठवलं. त्याआधी एक गोष्ट नीट समजून घेतली. खातं पुन्हा सुरू करा ही एक मागणी आणि उरलेले पैसे परत द्या ही दुसरी, आणि यांच्याकडे या दोन मागण्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. पैसे परत मिळण्यासाठी आपणच खातं कायमचं बंद करायचं बटण दाबावं लागतं. ते दाबलं की अपील संपतं. घाईनं आधी पैसे मागणारा खातं गमावतो. नुसतं अपील करत बसणाऱ्याचे पैसे तिथेच पडून राहतात, कारण त्यांनी ते मागितलेलेच नसतात. म्हणून अपिलात दुसरी मागणी सशर्त लिहिली. मजकूर इंग्रजीत गेला, मराठीत तो असा :

"आमचं खातं ९ सप्टेंबर २०२५ रोजी पैशांच्या व्यवहाराच्या कारणावरून स्थगित केलं गेलं. खात्यात पैसे दोनदाच भरले गेले आणि दोन्ही वेळा एकाच चालू बँक खात्यातून, पहिल्यांदा यूपीआयनं, दुसऱ्यांदा त्याच खात्याच्या डेबिट कार्डानं. ही एकमालकी पेढी आहे. कार्डावर मालकाचं नाव आहे, खात्यावर पेढीचं. दोन्ही नावं सोबतच्या जीएसटी प्रमाणपत्राच्या पहिल्या पानावर आहेत. ८ सप्टेंबरला मर्यादा वाढवली ती नवरात्राच्या विक्रीसाठी. कृपया या कागदांच्या आधारे पुन्हा तपासणी करावी. तपासणीनंतरही स्थगिती कायम राहणार असेल तर आमच्या न वापरलेल्या आगाऊ रकमेची, करासह रु. ३७,४५३.२० ची, परतफेड कशी आणि किती मुदतीत होईल हे लेखी कळवावं. हिशेब सोबत जोडला आहे. हे खातं बंद करण्याची विनंती नाही."

शेवटचं वाक्य सीए साहेबांनी घालायला लावलं. परतफेड हा शब्द दिसला की समोरचा कर्मचारी खातं बंद करायला घेतो, असं त्यांनी दुसऱ्या एका ग्राहकाच्या बाबतीत पाहिलं होतं.

संताप, नुकसानीचं वर्णन, विणकरांचं काय होईल, हे सगळं पहिल्या मसुद्यात होतं. माझ्यासाठी ते खरं आहे. महेश्वरच्या ज्या घरांतून आपण माल उचलतो त्यांना दसऱ्याआधी पैसे द्यायचे आहेत. पण वाचणाऱ्याला त्यातून काही तपासता येत नाही, म्हणून काढलं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

उत्तर आलं. स्थगिती कायम. मजकूर साचेबंद आहे, जोडलेल्या कागदांचा उल्लेख नाही, पैशांबद्दलही काही नाही. नवी माहिती असेल तरच पुन्हा अपील करा, असं शेवटी.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

घरात आज बरीच चर्चा झाली. धाकट्या दिरांचं म्हणणं, "वहिनी, सरळ बँकेत जाऊन कार्डाचा व्यवहार वादात टाका. २३,६०० तरी परत येतील." रस्ता आहे, पण त्याचे परिणाम पाहायला हवेत. कार्डाचा वाद उठवला की बँक त्यांच्याकडून पैसे ओढते, आणि त्यांच्या नोंदीत आपण पैसे बुडवणारे ठरतो. आरोप मुळात पैशांच्या व्यवहाराचाच आहे, तो आपणच सिद्ध करून दिल्यासारखं होईल. शिवाय दुसऱ्या भरण्यातली पूर्ण रक्कम मागावी तर पहिल्याचा हिशेब गुंततो. कार्डाच्या वादाला साधारण १२० दिवसांची मुदत असते. म्हणजे तो रस्ता महिन्याभरानंही खुलाच असेल. आत्ता नको.

ग्राहक आयोगाचाही विचार केला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा वगळली आहे, अपवाद फक्त स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याचा, तोही शब्दशः वस्तूंपुरता लिहिलेला. आपण त्यात बसतो असं म्हणता येईल, पण पहिली लढाई त्याच मुद्द्यावर होईल. एमएसएमई समाधान पोर्टल इथे उपयोगाचं नाही, ते माल किंवा सेवा देणाऱ्याच्या थकलेल्या बिलांसाठी आहे. आपण इथे घेणारे आहोत.

उरतो तक्रार अधिकारी. २०२१ च्या आयटी नियमांनुसार अशा मंचांनी तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि पत्ता जाहीर ठेवायचा, तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची आणि १५ दिवसांत ती निकाली काढायची. नियमात वापरकर्त्याचं खातं स्थगित केल्याच्या तक्रारीही स्पष्ट धरल्या आहेत. अपिलाचा फॉर्म आणि हा अधिकारी, या दोन वेगळ्या जागा आहेत.

२२ सप्टेंबर, सोमवार

आज घट बसले. सकाळी पूजा आटोपून बँकेत गेले. शाखा व्यवस्थापकांनी लेटरहेडवर लिहून दिलं : अमुक चालू खातं अमुक पेढीच्या नावानं आहे, मालक अमुक, आणि या चार शेवटच्या अंकांचं डेबिट कार्ड त्याच खात्याला जोडलेलं आहे. खाली सही-शिक्का. ११ तारखेला जी गाठ उरली होती ती या एका कागदानं सुटते, आणि "नवी माहिती" म्हणून दाखवायलाही हाच चालतो.

दुपारी दुसरं अपील भरलं आणि त्याच कागदांसह तक्रार अधिकाऱ्याला स्वतंत्र ई-मेल पाठवला. सगळे कागद एकाच पीडीएफमध्ये घातले, पहिल्या पानावर तारखांचा क्रम आणि रकमेचा तक्ता. सुट्या आठ फाइली पाठवल्या की त्यातल्या दोनच उघडल्या जातात.

विक्रीचं म्हणाल तर जुन्या ग्राहकांना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवणं चालू आहे. सूनबाई रात्री जागून ते करते. नवे ग्राहक त्यातून मिळत नाहीत.

२३ सप्टेंबर, मंगळवार

तक्रार अधिकाऱ्याकडून पोच आणि तक्रार क्रमांक आला. पंधरा दिवस ७ ऑक्टोबरला पुरे होतात. त्या दिवसापर्यंत खातं सुरू झालं नाही तर बंद करून पैसे काढायचे, असं ठरवलं. दिवाळीचा कुरियर १५ तारखेनंतर भरवशाचा राहत नाही. तेव्हा त्यापुढे खातं उघडलं तरी या हंगामाला उपयोग नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

तक्रार अधिकाऱ्याचं उत्तर. स्थगिती योग्य आहे, तपशील सुरक्षिततेच्या कारणानं देता येत नाही. पण यावेळी पैशांबद्दल लेखी मिळालं : खातं बंद केल्यावर न वापरलेली रक्कम मूळ साधनावर परत केली जाईल.

बँकेच्या पत्रावर एक शब्दही नाही, याचं फार वाईट वाटलं. कागद चुकीचा आहे असं तरी म्हणायचं होतं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

खातं बंद केलं. आधी सप्टेंबरचं टॅक्स इन्व्हॉइस उतरवून घेतलं : ८,२६० आणि आयजीएसटी १,४८६.८०. आपला आकडा पैशापर्यंत जुळला. हे इन्व्हॉइस आता आपल्या मागणीचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे, कारण सेवा इतकीच दिली हे त्यांनी स्वतः लिहून दिलं आहे. डेबिट कार्ड अजून चालू आहे, मुदत संपलेली नाही, हेही बँकेकडून पक्कं केलं. बदललेल्या कार्डावर परतफेड गेली की ती शोधण्यात आठवडे जातात.

९ ऑक्टोबर, गुरुवार

ई-मेल आला : परत करण्याची रक्कम ३१,७४०. कराचा पत्ता नाही. लगेच उत्तर लिहिलं, तीनच वाक्यं. आगाऊ ४७,२०० घेतले. तुमच्या इन्व्हॉइसनुसार करासह ९,७४६.८० ची सेवा दिली. उरलेल्या ३७,४५३.२० पैकी ५,७१३.२० हा न दिलेल्या सेवेवरचा कर आहे, तो कलम ३१(३)(ई) प्रमाणे रिफंड व्हाउचरसह परत करावा.

१५ ऑक्टोबर, बुधवार

बिलिंग विभागानं मान्य केलं. करासह पूर्ण रक्कम येईल, व्हाउचर ई-मेलनं. बिलिंगमध्ये बसलेल्या कोणीतरी हिशेब खरोखर वाचला, हे उत्तरातूनच कळलं. त्यात आपलेच आकडे ओळीनं लिहिलेले होते.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल भाऊबीज झाली. आज कार्डाचे २३,६०० खात्यात आले. त्यांनी शेवटचं भरणं आधी परत केलं, म्हणजे यूपीआयकडे १३,८५३.२० यायचे. व्हाउचरही आलं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

यूपीआयचे पैसे नाहीत. त्यांच्याकडे "परतफेड पूर्ण" दिसतं, बँकेत काही नाही. अशा वेळी नुसतं "आले नाहीत" म्हणून उपयोग नसतो. संदर्भ क्रमांक मागितला : कार्डाच्या परतफेडीला एआरएन असतो, यूपीआयला बारा अंकी आरआरएन. तो क्रमांक दिला की शाखेतला माणूस पैसे कुठे अडकलेत ते पाहू शकतो.

३ नोव्हेंबर, सोमवार

आरआरएन मिळाला. शाखेत दिला. रक्कम बँकेच्याच एका तात्पुरत्या खात्यात पडून होती, संध्याकाळी आपल्या खात्यात आली. एकूण ३७,४५३.२०. वहीत जाहिरात खर्च ८,२६० आणि इनपुट क्रेडिट १,४८६.८० एवढंच लिहिलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पैसे आले, पण नाव अजून अडलेलं आहे. या पेढीच्या किंवा माझ्या पॅनच्या नावानं तिथे पुन्हा जाहिरात देता येत नाही. तक्रार अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं, तो मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत. म्हणजे उद्यापर्यंत. `gac.gov.in` वर अपील दाखल केलं. पैशांचा विषय मुद्दाम घातला नाही, तो मिटला आहे. मागणी एकच ठेवली : बँकेचं पत्र वाचून निर्णय द्यावा. अपिलाचा क्रमांक मिळाला, फोल्डरमध्ये ठेवला. उद्या सकाळी महेश्वरला जायचं आहे, विणकरांचे राहिलेले पैसे द्यायला.